40 किलो चकलीची चौकशी आली, तर: व्हॉट्सॲपवर ठोक भाव, कमीत कमी माल आणि ॲडव्हान्स कसा ठरवावा

नवरात्र सरत आली की इंदूरमध्ये घरून फराळ करणाऱ्यांच्या फोनवर एक ठरावीक संदेश येऊ लागतो: "दीदी, चकली थोक में क्या भाव पड़ेगी?" ना नाव, ना गाव, ना माल किती हवा याचा उल्लेख. उत्तर पटकन गेलं नाही तर गिऱ्हाईक दुसरीकडे जाईल या धास्तीने बहुतेक जणी आपला किरकोळ भाव आठवतात, त्यातून पन्नास-साठ रुपये वजा करतात आणि आकडा पाठवून देतात. पुढचा सगळा तोटा या एका आकड्यातून सुरू होतो, कारण ठोक भाव हा किरकोळ भावातून सूट देऊन निघत नाही. तो खालून, खर्चापासून वर बांधावा लागतो. त्याच हिशेबाच्या कागदावर कमीत कमी किती माल घ्यायचा आणि ॲडव्हान्स किती मागायचा हेही आपोआप दिसतं.

या लेखात एकच उदाहरण शेवटपर्यंत नेलं आहे. इंदूरमध्ये घरी भाजणीची चकली करणारी एक विक्रेती आणि भोपाळचा एक दुकानदार, ज्याला दिवाळीसाठी 40 किलो चकली पाव-पाव किलोच्या पाकिटांत हवी आहे. यातले दर नमुन्यादाखल धरले आहेत. तुमचे दर वेगळे असतील, हिशेबाची रीत तीच राहील.

भाव सांगण्याआधी विचारायचे प्रश्न

पहिल्या उत्तरात आकडा देऊ नका, पण गिऱ्हाइकाला ताटकळतही ठेवू नका. व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये तयार उत्तरं साठवून ठेवता येतात. Business tools मध्ये Quick replies उघडून मजकूर एकदा लिहून ठेवला, की चॅटमध्ये `/` टाकून तो निवडता येतो. त्यातलं पहिलं उत्तर असं असावं:

> नमस्कार. ठोक भाव देते, त्याआधी एवढं कळवा: 1) एकूण किती किलो? 2) पाकीट किती वजनाचं, की सुटा माल? 3) माल कोणत्या गावी जाणार? 4) कोणत्या तारखेपर्यंत हातात हवा? 5) दुकानात विकायला हवा की वाटायला? 6) जीएसटीचं बिल लागेल का?

गिऱ्हाईक हिंदीत लिहीत असेल तर हेच हिंदीत करून ठेवा. प्रश्न सहाच ठेवा. यादी लांबली तर कोणी भरत नाही, आणि कमी केली तर पुढे अडतं.

यातला प्रत्येक प्रश्न पैशाशी जोडलेला आहे. विकायला माल हवा असेल तर पाकिटावर किंमत, घटक पदार्थ, निव्वळ वजन, पॅकिंगची तारीख, कधीपर्यंत खावं, शाकाहाराचं हिरवं चिन्ह, तुमचा पत्ता आणि एफएसएसएआयचा 14 आकडी नंबर असं पूर्ण लेबल लागतं. दुकानदार ते नसलेलं पाकीट ठेवणार नाही आणि त्याने ठेवूही नये. शिवाय दुकानदाराला छापील किमतीखाली स्वतःचा नफा हवा असतो. ऑफिसात वाटणाऱ्याला तो नको असतो, त्याला दिसायला छान डबा हवा असतो. दोघांना एकच भाव सांगणं चूक आहे.

गावाचा प्रश्न सगळ्यांत जास्त टाळला जातो आणि इंदूरच्या मराठी घरांना नेमका तोच नडतो, कारण आपली निम्मी नाती पुण्या-नागपुरात. जीएसटी नोंदणीला उलाढालीची जी सूट आहे, मध्य प्रदेशात माल विकणाऱ्यांसाठी 40 लाख रुपयांची, ती राज्याच्या आतल्या विक्रीपुरती आहे. करपात्र माल दुसऱ्या राज्यात विकायचा असेल तर उलाढाल कितीही लहान असो, जीएसटी कायद्याच्या कलम 24 प्रमाणे आधी नोंदणी लागते. म्हणजे नोंदणी नसलेल्या विक्रेतीला भोपाळ, उज्जैन किंवा खंडव्याची ऑर्डर घेता येते, नागपूरच्या दुकानाची घेता येत नाही. त्यातही भोपाळच्या दुकानदाराने जीएसटीचं बिल मागितलं, तर नोंदणीशिवाय ते देता येत नाही आणि कर लावताही येत नाही. हे भाव ठरायच्या आधीच स्पष्ट सांगावं. माल रवाना व्हायच्या दिवशी हा वाद उभा राहिला तर हरणारा नेहमी विक्रेताच असतो.

तारखेबद्दल एक सावधगिरी. हिंदीतलं "कल" म्हणजे काल आणि उद्या दोन्ही, आणि "दिवाली के पहले" म्हणजे वसुबारसेच्या आधी की लक्ष्मीपूजनाच्या आदल्या संध्याकाळी, हे ज्याचं त्याला माहीत. म्हणून उत्तरात वार आणि तारीख तुम्हीच लिहा आणि त्यावर समोरून होकार घ्या.

आपल्या दुकानदाराचं उत्तर आलं: 40 किलो, पाव किलोची पाकिटं, भोपाळ, विकायला, साधं बिल चालेल. आता कागद घ्यायचा.

एका किलोचा खरा खर्च

आधी स्वतःचा उतारा माहीत हवा. 1 किलो भाजणीतून तयार चकली किती निघते, हे काट्यावर तोलून पाहा, अंदाजाने धरू नका. ते मोहन, पाणी, सोऱ्याची चकती आणि तळण्याच्या आचेवर बदलतं. इथे 1 किलो भाजणीतून 1.35 किलो चकली धरू. म्हणजे 1 किलो चकलीला सुमारे 740 ग्रॅम भाजणी लागली. छावणीच्या धान्य बाजारातून तांदूळ-डाळी आणून, भाजून, दळून भाजणी 110 रुपये किलो पडत असेल, तर ती झाली 81 रुपयांची. चकलीत मुरलेलं आणि कढईत शेवटी उरून पुन्हा न वापरता येणारं मिळून तेल किलोमागे 350 मिलिलिटर, 150 रुपये लिटरने 52 रुपये. तीळ, ओवा, तिखट, मीठ 22 रुपये. गॅस 15. इथपर्यंत 170 रुपये झाले.

तेलावर थोडं थांबायला हवं, कारण ठोक ऑर्डरमध्ये पहिली काटछाट इथेच होते. घरच्या गिऱ्हाइकाने नेलेली चकली चार दिवसांत संपते. दुकानातली वीस-पंचवीस दिवस पाकिटात बसते. आधीच्या तळणाचं तेल वापरलं तर त्या दिवशी चवीत फरक कळत नाही, तिसऱ्या आठवड्यात मात्र पाकीट उघडताच खवट वास येतो, आणि दोष तुमच्या नावावर येतो. ठोकच्या मालाला तळण ताज्या तेलातच हवं आणि उरलेल्या तेलाचा खर्च त्याच ऑर्डरवर पडला पाहिजे. म्हणून वर 350 मिलिलिटर धरलंय, नुसतं मुरलेलं तेल नाही.

मजुरी दोघींची धरा. एक सोऱ्या दाबणारी, एक तळणारी, अशा दोघी दिवसाला 10 किलो काढतात असं मानू. मदतनीस 500 रुपये आणि स्वतःचे 600 रुपये, मिळून 1,100, म्हणजे किलोला 110. स्वतःची मजुरी खर्चात धरणं हा ऐच्छिक भाग नाही. ती सोडली तर भाव स्वस्त दिसतो आणि दिवाळीनंतर हातात काहीच का उरलं नाही हे कळत नाही.

पाकीट आणि लेबल मिळून 8 रुपये, किलोला चार म्हणजे 32. वीस पाकिटांचं, म्हणजे 5 किलोचं जाड पुठ्ठ्याचं खोकं 45 रुपयांचं, किलोला 9. तळताना आणि भरताना मोडलेली चकली पाकिटात जात नाही, ती साधारण 5 टक्के. तिच्यावर माल आणि मजुरी दोन्ही खर्च झालेली असते, म्हणून 280 च्या 5 टक्के, 14 रुपये.

सगळं मिळून 170, 110, 32, 9 आणि 14, म्हणजे 335 रुपये किलो.

याशिवाय काही खर्च असे आहेत जे 5 किलोला जेवढे तेवढेच 40 किलोला: सियागंजला जायची-यायची फेरी, गिरणीच्या खेपा, नमुन्याचं पाकीट, खोकी बसच्या पार्सलपर्यंत नेणारी रिक्षा, आणि फोनवर जाणारा अर्धा दिवस. हा एका ऑर्डरमागचा खर्च 600 रुपये धरू.

कमीत कमी माल: 20 किलो कुठून आले

दुकानदार पाकीट 125 रुपयांना विकणार असेल तर त्याला ते 100 रुपयांच्या आसपास पडायला हवं. हा वीस टक्क्यांचा नफा किराणा दुकानदार सहसा मागतोच. म्हणजे तुमचा भाव 400 रुपये किलो. किरकोळ विक्रीत तुम्ही 480 घेता असं धरू. 400 मधून 335 गेले, किलोमागे 65 राहिले, आणि त्यातून ऑर्डरमागचे 600 भरायचे आहेत.

10 किलोच्या ऑर्डरला 650 मधून 600 जाऊन 50 रुपये उरतात. दिवसभर राबून ठोकचा भाव देण्यात अर्थ नाही. 20 किलोला 1,300 मधून 600 जाऊन 700, दोन दिवसांचे. 30 किलोला 1,350, आणि 40 किलोला 2,000 रुपये. मजुरी आधीच वेगळी धरली असल्यामुळे ही रक्कम खरी शिल्लक आहे. यावरून ठरलं: 400 चा भाव 20 किलोपासून पुढे, त्याखाली 440. आणि ऑर्डर 5 किलोच्या पटीत, कारण खोकं 5 किलोचं आहे. 23 किलोची ऑर्डर घेतली की एक खोकं अर्धं रिकामं जातं आणि त्यात चकली आपटून मोडते.

कमीत कमी मालाचा आकडा असा हिशेबातून आला की तो सांगताना संकोच वाटत नाही. दुसऱ्याच्या कॅटलॉगमध्ये "किमान 50 किलो" लिहिलंय म्हणून आपणही लिहिणं धोक्याचं, कारण त्याच्याकडे भट्टी असेल आणि तुमच्याकडे एक शेगडी. याच कारणाने वरचीही मर्यादा ठरवा. दिवसाला 10 किलो निघत असतील आणि दिवाळीच्या आधी हातात आठ मोकळे दिवस असतील, तर 80 किलोच्या वर कोणाचीही ऑर्डर घ्यायची नाही, मग समोरचा कितीही ॲडव्हान्स देत असो.

जास्त मालाला कमी भाव: इथे होणारी चूक

बहुतेक जण टप्प्यांचा तक्ता पाठवतात: 20 किलोपासून 400, 40 किलोपासून 390. दिसायला नेटका आहे. आता 39 आणि 40 किलोचा हिशेब करून पाहा. 39 किलोला 400 च्या भावाने शिल्लक 1,935 रुपये. 40 किलोला 390 च्या भावाने किलोमागे 55 रुपये, म्हणजे 2,200 मधून 600 जाऊन 1,600. एक किलो जास्त तळलं आणि 335 रुपये कमी मिळाले.

असं होतं कारण 10 रुपयांची सूट सगळ्या 40 किलोंवर पडली, आणि तेवढी बचत झालेलीच नाही. भाजणी, तेल, पाकीट, मजुरी किलोगणिक तेवढीच लागते. माल वाढल्याने फक्त ते 600 रुपये जास्त किलोंवर पसरतात: 20 किलोला किलोमागे 30 रुपये, 40 किलोला 15. घरगुती तळणात मोठ्या ऑर्डरची खरी बचत एवढीच. कारखान्याचं गणित इथे लागू होत नाही.

यावर सोपा उपाय आहे: कमी भाव फक्त वरच्या किलोंना द्यायचा. "पहिले 40 किलो 400 ने, त्यापुढचा माल 390 ने." 50 किलोवाल्याला 16,000 अधिक 3,900 असे 19,900 रुपये पडतात. त्यालाही सूट मिळाली आणि तुमची शिल्लकही वाढली.

मग दुकानदार म्हणतो, "360 लगा लो, हर महीने लूंगा." दर महिन्याच्या आश्वासनावर आजचा भाव खाली आणू नका. दुसऱ्या ऑर्डरला सूट देता येते, पहिलीला नाही. त्यातही भाव उतरवायचाच असेल तर त्याबरोबर मालातून काहीतरी कमी झालं पाहिजे. पाव किलोच्या पाकिटांऐवजी 5 किलोची जाड पिशवी खोक्यात घालून दिली तर पाकीट-लेबलचे 32 वाचतात, पिशवीचे 3 लागतात. मग 370 देता येतात. एवढं सांगा की सुट्या मालात मोडतोड जास्त होते. काहीही न बदलता 400 चे 370 केले, तर आधीचे 400 खोटे होते असाच अर्थ निघतो.

भावाचा संदेश एकाच वेळी, पूर्ण पाठवा:

> भाजणीची चकली, 250 ग्रॅमचं पाकीट, लेबलसह. भाव 400 रु. किलो (पाकीट 100 रु.). कमीत कमी 20 किलो, पुढे 5 किलोच्या पटीत. 40 किलोच्या पुढील मालाला 390 रु. खोकी धरून, इंदूरहून बस पार्सलचं भाडं वेगळं, तुमच्याकडे. ॲडव्हान्स 60 टक्के, बाकी रक्कम माल रवाना होण्याआधी. ॲडव्हान्स आल्यापासून 7 दिवसांत माल तयार. हा भाव शुक्रवार, 5 वाजेपर्यंत.

शेवटची ओळ विसरू नका. दसरा-दिवाळीच्या दिवसांत तेलाच्या डब्याचा भाव आठवड्यात हलतो. मुदत नसलेला भाव दोन आठवड्यांनी तुमच्यासमोर ठेवून "आपने ही लिखा था" असं म्हणता येतं.

ॲडव्हान्स किती, आणि 60 टक्केच का

निम्मी रक्कम मागायची रीत आहे म्हणून लोक 50 टक्के मागतात. त्यापेक्षा एक प्रश्न विचारा: आज हे गिऱ्हाईक गायब झालं तर माझ्या खिशातून किती गेलेले असतील? 40 किलोला माल आणि गॅस 6,800, पाकिटं-खोकी 1,640, मदतनीसाचे चार दिवस 2,000, ऑर्डरमागचे 600, एकूण 11,040 रुपये. ऑर्डर 16,000 ची. 50 टक्क्यांनी 8,000 येतात, म्हणजे 3,040 रुपये उघड्यावर राहिले. 60 टक्क्यांनी 9,600 येतात आणि उघडे राहतात 1,440.

तेवढे उघडे राहिले तरी चालतात, कारण चकली दिवाळीच्या दहा-बारा दिवस आधी तयार असेल तर ती ओळखीत किरकोळ भावाने खपते. हीच ऑर्डर दिवाळीच्या तीन दिवस आधी रवाना व्हायची असेल तर ती खपवायला वेळ नाही. मग 75 टक्के मागा. आणि गिऱ्हाइकाला पाकिटावर त्याच्या दुकानाचं नाव छापून हवं असेल तर छपाई आणि पाकिटांचे पैसे पूर्ण आधी घ्या, कारण ती पाकिटं दुसऱ्या कोणाच्या उपयोगाची नाहीत. छापणारा पाकिटं ठरावीक संख्येच्या खाली छापत नाही. त्याचा तो आकडा विचारल्याशिवाय नावाच्या पाकिटांना हो म्हणू नका. 160 पाकिटांसाठी हजार छापावी लागली तर उरलेली कोणाची, हे आधी लिहिलेलं असावं.

ऑर्डर मोडली तर काय, हेही पैसे घेण्याआधीच ठरवा. साधा नियम असा ठेवता येतो: सामान आणायच्या आधी सांगितलं तर सगळे परत, सामान आणल्यावर सांगितलं तर झालेला खर्च कापून परत, तळण सुरू झाल्यावर ॲडव्हान्स परत नाही. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 74 मध्ये करार मोडल्यावर वाजवी तेवढीच भरपाई धरली आहे. म्हणून "ॲडव्हान्स परत मिळणार नाही" एवढंच लिहिण्यापेक्षा खर्चाच्या पावत्या जपून ठेवणं कामाला येतं. भांडण झालंच तर 11,040 चा कागद दाखवता येतो.

होकार लिखित घ्या

फोनवर ठरलं, व्हॉइस नोटवर ठरलं, तरी शेवटी लिहिलेला एक संदेश जाऊ द्या आणि त्यावर उत्तर घ्या:

> ऑर्डर नक्की: चकली 40 किलो, 250 ग्रॅमची 160 पाकिटं, 8 खोकी. 16,000 रु. + बस भाडं तुमचं. ॲडव्हान्स 9,600 रु., रवाना होण्याआधी 6,400 रु. माल इंदूरहून निघण्याचा दिवस: (वार व तारीख). सामान आणल्यावर ऑर्डर मोडली तर खर्च कापून परत, तळण सुरू झाल्यावर ॲडव्हान्स परत नाही. मान्य असल्यास याच संदेशाला "मान्य" असं उत्तर द्या.

किलो आणि पाकिटं दोन्ही आकडे लिहा. "160" वाचून कोणी 160 किलो समजत नाही, पण "40 पेटी" आणि "40 किलो" यांचा घोळ होतो.

चॅटच्या सेटिंगमध्ये एक गोष्ट तपासा. समोरच्याने Disappearing messages चालू ठेवलं असेल तर 24 तास, 7 दिवस किंवा 90 दिवसांनी संदेश आपोआप पुसले जातात, तुमच्या फोनमधूनही. ऑर्डरच्या चॅटमध्ये ते बंद करून घ्या. पाठवलेला संदेश 15 मिनिटांपर्यंत बदलता येतो आणि नंतर सगळ्यांसाठी पुसताही येतो, म्हणून "मान्य" आल्यावर स्क्रीनशॉट काढून ठेवा.

पैसे आले की नाही

गिऱ्हाईक स्क्रीनशॉट पाठवेल. तो पावती नव्हे. हिरवी खूण, नाव, रक्कम आणि 12 आकडी व्यवहार क्रमांक असलेलं चित्र बनवणं अवघड नाही. एसएमएसवरही जाऊ नका, तोही कोणाच्या साध्या नंबरवरून आलेला असू शकतो. स्वतःच्या बँकेच्या ॲपमध्ये खात्याचा उतारा उघडा, त्यात 9,600 जमा दिसले तरच सामान आणायला निघा. रविवार असो की रात्र, यूपीआयचे पैसे लगेच दिसतात. "बँकेचा सर्व्हर डाउन आहे, सकाळी येतील" असं असेल तर सामानही सकाळी येईल.

महूची लष्करी छावणी जवळ असल्यामुळे इंदूरमध्ये एका फसवणुकीवर लोकांचा चटकन विश्वास बसतो. फोन करणारा स्वतःला लष्करातला अधिकारी म्हणवतो, ओळखपत्राचा फोटो पाठवतो, युनिटसाठी 50 किलो फराळ सांगतो, भावात घासाघीस अजिबात करत नाही, चव-तिखट काही विचारत नाही. मग म्हणतो की आमच्या खात्यातून पैसे वेगळ्या पद्धतीने निघतात, तुम्ही आधी 1 रुपया पाठवा किंवा हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका, लगेच ॲडव्हान्स जमा होईल. क्यूआर स्कॅन करणं आणि पिन टाकणं या दोन्ही क्रिया पैसे देण्याच्या आहेत. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. दुसरा प्रकार असा: 9,600 ऐवजी "चुकून 19,600 गेले, 10,000 परत पाठवा" म्हणून घाई करणं. उतारा उघडला तर काहीच आलेलं नसतं. आणि खरोखरच जास्त आले असतील, तर स्वतःहून दुसऱ्या नंबरवर परत न पाठवता आपल्या बँकेमार्फत ज्या खात्यातून आले तिथेच परत करा. फसवणूक होऊन पैसे गेले तर त्याच तासाला 1930 वर फोन करा आणि cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवा. जितका उशीर, तितकी रक्कम पुढच्या खात्यांत पसरते.

पैसे जमा दिसल्यावर चॅटला लेबल लावा. व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये पैसे बाकी आणि पैसे आले अशी लेबलं तयार असतात. दिवाळीत एकाच वेळी सात-आठ ऑर्डरी असताना कोणाकडून किती यायचे आहेत हे आठवणीवर ठेवू नये.

सामान आणण्यापासून रवाना होईपर्यंत

मोडतोड धरून 40 किलोला 32 किलो भाजणी आणि 15 लिटरचा एक डबा तेल लागेल. पहिला दिवस भाजणी-दळणाचा, चार दिवस तळण, सहावा दिवस पॅकिंगचा. सातवा हाताशी ठेवा, कारण गिरणी आणि वीज कोणाच्या हातात नसते. चकली पूर्ण गार झाल्याशिवाय पाकिटात भरू नका. आत वाफ धरली की दोन दिवसांत ती मऊ पडते आणि दुकानदार म्हणतो, माल जुना दिला.

खोकी भरल्यावर प्रत्येक खोकं काट्यावर ठेवून आकडा दिसेल असा व्हिडिओ काढा, वजन खोक्यावर लिहा आणि तो व्हिडिओ पाठवून उरलेले 6,400 मागा. पैसे उताऱ्यात दिसल्यावरच पार्सल करा. "माल मिळाला की देतो" ही पहिल्या ऑर्डरची अट असू शकत नाही. भोपाळ इथून सुमारे 190 किलोमीटर आहे, 6,400 रुपयांच्या वसुलीसाठी तिथे जाणं परवडत नाही. पार्सलची पावती लगेच पाठवा आणि त्याबरोबर लिहा की मोडतोडीची तक्रार माल मिळाल्यापासून 24 तासांत, बंद खोकं उघडतानाच्या व्हिडिओसह घेतली जाईल. खोक्यात थोडी मोडतोड होतेच. खालच्या थरातली पाकिटं उभी आणि घट्ट बसवली की ती कमी होते.

आणि त्या घाण्यातली दोन पाकिटं, त्याच लेबलची, आपल्याच घरी ठेवून द्या, लेबलवरची खाण्याची मुदत संपेपर्यंत. तिसऱ्या आठवड्यात भोपाळहून फोन आला की चकली खवट निघाली, तर त्याच दिवशी आपल्याकडचं पाकीट उघडा. वास आला तर चूक आपली, माल परत घ्या किंवा पैसे द्या. नाही आला तर दुकानात पाकिटं उन्हाच्या काचेजवळ ठेवली होती का, हे विचारा आणि उघडलेल्या पाकिटाचा फोटो तारखेसकट पाठवा.